प्रमाणपत्र खरे, पण ते नेमके कशाचे?

पेढीवर पैसे मागायला येणाऱ्याबरोबर पूर्वी एखाद्या ओळखीच्या आडत्याचा निरोप असे. आता त्याच्या हातात फाईल असते आणि फाईलच्या पहिल्याच पानावर राजमुद्रा असलेले ‘स्टार्टअप इंडिया’चे प्रमाणपत्र असते. “आमची कंपनी सरकारमान्य स्टार्टअप आहे,” हे वाक्य उच्चारले की बैठकीचा सूर बदलतो. ज्या घरांत चार पिढ्या कापूस, तूर आणि सोयाबीनचा व्यापार झाला, तेथेही ‘सरकारमान्य’ या शब्दापुढे पुढचा प्रश्न विचारायला माणूस संकोचतो. प्रमाणपत्र बनावट असेल, तर ते पंधरा मिनिटांत कळू शकते. अडचण खऱ्या प्रमाणपत्राची अधिक आहे, कारण त्यात जे लिहिलेले नसते तेच ऐकणारा त्यात वाचतो.

स्टार्टअप इंडिया योजना १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली. मान्यता देण्याचे काम केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाकडे, म्हणजेच ‘डीपीआयआयटी’कडे आहे. खासगी मर्यादित कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी म्हणजे एलएलपी आणि नोंदणीकृत भागीदारी संस्था यांना ती मिळू शकते. १९ फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेने स्थापनेपासून १० वर्षे आणि कोणत्याही वर्षी १०० कोटी रुपयांपर्यंतची उलाढाल अशी मर्यादा घातली. अशा मर्यादा पुढील अधिसूचनांनी बदलतात, म्हणून पडताळणी करणाऱ्याने प्रमाणपत्रावर छापलेली वैधतेची तारीख आणि अट प्रमाण मानावी. जुना चालू धंदा मोडून किंवा विभागून उभी केलेली संस्था मात्र या व्याख्येत बसत नाही. ही अट व्यापारी घराण्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

जानेवारी २०२५ च्या मध्यापर्यंत देशात सुमारे १ लाख ५९ हजार संस्थांना अशी मान्यता मिळालेली होती आणि राज्यांत महाराष्ट्र आघाडीवर होता. मान्यतेसाठी सरकार शुल्क घेत नाही. अर्ज ऑनलाइन होतो. कंपनीचा नोंदणी दाखला आणि आपल्या कामात नवे काय आहे याचे निवेदन त्यासोबत जोडावे लागते. कारखान्यात येऊन यंत्रे, गोदाम वा हिशेबाच्या वह्या तपासण्याची पायरी त्यात नाही. प्रमाणपत्राचा मजकूरही हेच सांगतो. अमुक संस्था अमुक दिवशी स्थापन झाली, तिला स्टार्टअप म्हणून मान्यता आहे आणि ती अमुक उद्योगात, अमुक क्षेत्रात काम करते, असे त्यात नमूद असते. पण क्षेत्राच्या उल्लेखापुढे ‘त्यांनी स्वतः प्रमाणित केल्यानुसार’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. घाईत वाचणाऱ्याची नजर नेमकी त्यांवरून घसरते.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक कागद व्यवहारात भेटणारा आहे. सेलूच्या मोंढ्यात एका कुटुंबाची आडत आहे आणि जोडीला लहान डाळमिल आहे. थोरले काका दुकान पाहतात, पुतण्या सी.ए.च्या कार्यालयात उमेदवारी करून आलेला आहे. एके दिवशी पुण्यातील एका कृषी प्रक्रिया कंपनीचे दोन संचालक येतात. त्यांतला एक कुटुंबाच्या व्याह्यांच्या ओळखीचा असतो. प्रस्ताव असा की प्रत्येक घराने १० लाख रुपये द्यावेत, दरसाल १८ टक्के परतावा मिळेल आणि दोन वर्षांनी मुद्दल परत होईल. शिवाय कंपनी हंगामात कुटुंबाकडून सोयाबीन घेईल आणि पैसे ४५ दिवसांनी देईल. फाईलमध्ये मान्यतेचे प्रमाणपत्र असते आणि त्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो.

पुतण्या मोबाइल काढून लगेच कोड स्कॅन करतो. संकेतस्थळ उघडते, त्यावर कंपनीचे नाव आणि हिरवी खूण दिसते. काका समाधानाने मान डोलावतात. पण ही पडताळणी म्हणजे साक्षीदाराने स्वतःच आणलेल्या साक्षीदाराची साक्ष झाली. कोड ज्याने छापला, तो त्याला हव्या त्या पत्त्यावर नेऊ शकतो. म्हणून आधी पत्ता पाहावा. खरे संकेतस्थळ `startupindia.gov.in` हे आहे. पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग `gov.in` यावरच संपला पाहिजे. मध्ये कुठेतरी ‘gov’ असणे किंवा `gov.in` नंतर आणखी एखादा टिंब आणि शब्द येणे, ही दोन्ही परकी घरे होत. हा पत्ता स्वतःच्या हाताने टंकावा आणि तेथील प्रमाणपत्र पडताळणीच्या पानावर क्रमांक भरून पाहावे.

हा क्रमांक `DIPP` या चार अक्षरांनी सुरू होतो. विभागाचे नाव आता डीपीआयआयटी असताना क्रमांकात जुनी अक्षरे का, अशी शंका एखादा जागरूक वाचक घेईल आणि प्रमाणपत्र खोटे ठरवील. तसे करू नये. विभागाचे नाव जानेवारी २०१९ मध्ये बदलले, क्रमांकाची जुनी पद्धत मात्र तशीच चालू राहिली.

उदाहरणातल्या पुतण्याने हाताने क्रमांक भरला आणि तो सापडला. पण पडद्यावर जे नाव आले, त्याच्या शेवटी ‘एलएलपी’ होते. फाईलमधील प्रस्तावाच्या कागदावर त्याच नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होते. नाव, बोधचिन्ह आणि संचालक सारे एकच. तरी कायद्याच्या दृष्टीने या दोन निराळ्या व्यक्ती आहेत. मान्यता त्या विशिष्ट नोंदणीकृत संस्थेला असते. संचालकाला, ब्रँडला किंवा त्याच संचालकांच्या दुसऱ्या कंपनीला ती मिळत नाही. पैसे मात्र दुसऱ्याच संस्थेच्या खात्यात मागितले जात होते. अशी विसंगती नेहमी लबाडीचीच असते असे नाही; कधी कधी उद्योजकाने पुढे नवी कंपनी काढलेली असते आणि जुना कागद सवयीने फाईलमध्ये राहिलेला असतो. पण ज्या नावाने धनादेश लिहायचा, त्याच नावाची मान्यता पाहायची, ही गोष्ट हुंडीवरचे नाव आणि सही ताडून पाहणाऱ्या घराण्यांना वेगळी शिकवावी लागू नये.

त्याच संकेतस्थळावर स्टार्टअप शोधण्याची सोय आहे आणि तेथे एक निराळीच फसगत होते. तेथे कोणीही नवउद्योजक आपले पान तयार करू शकतो. असे पान म्हणजे केवळ खाते. त्याला मान्यता म्हणत नाहीत. मान्यता असलेल्या संस्थेच्या पानावर डीपीआयआयटी मान्यतेचा स्पष्ट उल्लेख असतो. “सरकारी साइटवर आमचे नाव आहे” हे वाक्य म्हणून खरे असूनही पोकळ असू शकते. हीच गोष्ट उद्यम नोंदणीची. `UDYAM-MH` ने सुरू होणारा क्रमांक सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगाचा आहे. गावातील पिठाच्या गिरणीलाही तो मिळतो. त्याचा स्टार्टअप मान्यतेशी संबंध नाही.

यानंतरची पायरी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` या संकेतस्थळाची. तेथे कंपनीची मूलभूत माहिती विनामूल्य पाहता येते: स्थापनेचा दिवस, नोंदणीकृत पत्ता, भरणा झालेले भांडवल, संचालकांची नावे, कंपनी ‘ॲक्टिव्ह’ आहे की यादीतून काढलेली आहे, आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा दाखल झाला. मान्यतेच्या कागदावरील स्थापनेची तारीख येथील तारखेशी तंतोतंत जुळली पाहिजे. कंपनीचा २१ अक्षरांचा ओळख क्रमांकही बोलका असतो. नमुना म्हणून हा पाहावा:

```
U01409MH2016PTC000000
```

पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही हे सांगते. `U` म्हणजे नोंदलेली नाही. पुढचे पाच अंक उद्योगाचा वर्ग दाखवतात. `MH` म्हणजे महाराष्ट्र, मग स्थापनेचे वर्ष आणि `PTC` म्हणजे खासगी मर्यादित कंपनी. २०१६ साली स्थापन झालेली कंपनी दहा वर्षांच्या मुदतीच्या कडेला आलेली आहे, हे केवळ हा क्रमांक वाचूनही लक्षात येते. मग प्रमाणपत्रावरील वैधतेची तारीख अधिक काळजीने पाहावी.

उदाहरणातील कंपनी ‘ॲक्टिव्ह’ होती. भरणा भांडवल १ लाख रुपये होते आणि शेवटचा ताळेबंद दोन वर्षांपूर्वीचा होता. यांत बेकायदा असे भांडवलाच्या बाबतीत काहीच नाही. १ लाखावर हजारो प्रामाणिक कंपन्या सुरू झाल्या आहेत. पण ताळेबंद दरवर्षी दाखल करणे कंपनीला बंधनकारक आहे. जी कंपनी स्वतःचा हिशेब निबंधकाकडे वेळेवर देत नाही, ती मोंढ्यातल्या देणेकऱ्याला हिशेब वेळेवर देईल, असे मानायला आधार कोणता? त्याच पानावर ‘चार्जेस’ म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवरील बोजांची नोंदही असते. बँकेने यंत्रे आणि साठा तारण घेतला असेल, तर कंपनी बुडाल्यावर बँक आधी उभी राहते. उधारीवर सोयाबीन देणारा तिच्या मागे. थोडे शुल्क भरून कंपनीची दाखल कागदपत्रेही पाहता येतात आणि दहा लाखांच्या व्यवहारापुढे तो खर्च नगण्य आहे.

इथपर्यंतची तपासणी कंपनीच्या ओळखीची झाली. खरा घोळ प्रस्तावात आहे आणि तेथे कोणतेही प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही. ठरलेला परतावा आणि ठरलेल्या मुदतीनंतर मुद्दल परत, याला कंपनी कायद्यात ‘ठेव’ म्हणतात. कागदावर त्याला भागीदारी, सहयोग निधी किंवा आगाऊ रक्कम असे काहीही नाव दिले, तरी तिचे स्वरूप बदलत नाही. खासगी मर्यादित कंपनीला जनतेकडून, म्हणजे आपल्या भागधारकांव्यतिरिक्त इतर लोकांकडून, ठेव घेता येत नाही. स्टार्टअप असल्याने ही बंदी उठत नाही.

मान्यतेमुळे एक सवलत मात्र खरोखर मिळते आणि ती नेमकी माहीत असावी, कारण तिचाच आधार अर्धवट सांगितला जातो. मान्यताप्राप्त स्टार्टअप कंपनीला ‘परिवर्तनीय नोट’ देऊन पैसे घेता येतात. हे पैसे पुढे समभागांत रूपांतरित होतात किंवा परत केले जातात. परंतु त्यासाठी एका व्यक्तीकडून, एकाच हप्त्यात, किमान २५ लाख रुपये आलेले असले पाहिजेत. एवढी मोठी किमान रक्कम ठेवल्याने लहान बचतदार या वाटेबाहेर राहतो. पाच घरांनी पाच-पाच लाख जमवून एका नावाने देणे, ही या नियमाची पूर्तता ठरत नाही. उदाहरणातील कंपनी प्रत्येक घराकडून १० लाख मागत होती. म्हणजे तिचे प्रमाणपत्र तिच्याच नावाचे आणि चालू असते, तरीही हा मार्ग तिला मोकळा नव्हता.

येथे नात्याचा प्रश्न येतो. आपल्याकडे असे प्रस्ताव अनोळखी माणसाकडून क्वचितच येतात. ते सोयरिकीतून येतात, कधी लग्नाच्या मांडवात त्यांची बोलणी होतात. संचालकाच्या नातेवाइकाने आपल्या स्वतःच्या पैशांतून, म्हणजे उसने न घेता, खासगी कंपनीला रक्कम दिली आणि तसे लेखी दिले, तर ती ठेव मानली जात नाही, अशी सूट नियमांत आहे. पण नातेवाईक कोण, हेही कायद्याने ठरवले आहे. पती-पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंबातील सदस्य, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि भाऊ-बहीण एवढीच ती यादी आहे. व्याही, साडू, मामेभाऊ किंवा मेहुण्याचा भागीदार तिच्यात नाहीत. घरच्या जेवणाच्या पंगतीत जे नाते जवळचे, ते या यादीत बहुधा सापडत नाही.

कंपनीला भांडवलच उभारायचे असेल, तर समभाग देण्याचा सरळ मार्ग आहे. त्याला खासगी वाटप म्हणतात. त्यात कंपनीने नावाने निवडलेल्या व्यक्तींनाच प्रस्तावपत्र द्यायचे असते आणि त्याचा नमुना ‘पीएएस-४’ या नावाचा आहे. एका आर्थिक वर्षात साधारणतः २०० पेक्षा अधिक लोकांना असा प्रस्ताव देता येत नाही. बँका व वित्तसंस्थांसारखे मोठे गुंतवणूकदार आणि कर्मचारी या मोजणीत नसतात. जाहिरात करता येत नाही, रोख रक्कम घेता येत नाही आणि पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत समभाग द्यावे लागतात; न दिल्यास पुढील १५ दिवसांत रक्कम परत करावी लागते आणि तीही न केल्यास १२ टक्के व्याज लागते. या मार्गात १८ टक्क्यांची हमी कोणी देऊ शकत नाही, कारण समभागधारक हा धंद्याचा भागीदार असतो. नफा झाला तर लाभांश, नाहीतर काही नाही. कंपनीने हमीही द्यायची आणि समभागही म्हणायचे, अशी दोन्ही बाजूंची भाषा दिसली, की बोलणे तेथेच थांबवून पीएएस-४ मागावे. तो कागद नसेल, तर पुढचे सगळे बोलणे हवेतले.

करसवलतीचे आमिषही बहुधा याच बैठकीत येते. “तुम्हाला तीन वर्षे कर लागणार नाही,” असे सांगितले जाते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०-आयएसीची सवलत होती ती कंपनीच्या नफ्यावर, पहिल्या दहा वर्षांतील सलग तीन वर्षांसाठी. पैसे देणाऱ्याच्या व्याजावर किंवा लाभांशावर तिचा काही परिणाम नाही. शिवाय ती मान्यतेबरोबर आपोआप येत नाही. आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र लागते आणि भागीदारी संस्थेला ती मिळतच नाही. जुने घर विकून आलेला नफा स्टार्टअपमध्ये गुंतवल्यास करमाफी देणारे कलम ५४-जीबी काही काळ होते आणि अविभक्त कुटुंबांनाही ते लागू होते. पण त्याची मुदत ३१ मार्च २०२२ रोजी संपली. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून आपल्या सी.ए.ला प्रश्न क्रमांकाने न विचारता सरळ विचारावा: ही सवलत कंपनीला आहे की मला?

२०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेची आठवण अनेक शेतकऱ्यांना असेल. ते प्रकरण स्टार्टअप मान्यतेचे नव्हते. पण तेथेही नोंदणीकृत कंपनी होती, छापील करार होते, पिल्ले देऊन पुढे पक्षी व अंडी परत विकत घेण्याचे वचन होते. खरेदी थांबली तेव्हा शेतकऱ्यांच्या खुराड्यांत खाऊन वाढणारे पक्षी राहिले आणि पोलिसांत तक्रारी झाल्या. पैसे देणाऱ्यांनी कंपनीची नोंदणी पाहिली असती तरी ती खरीच आढळली असती. तपासायचे होते ते पुढचे: इतके पक्षी इतक्या भावाने शेवटी कोण विकत घेणार होते? सोयाबीन प्रक्रियेच्या प्रस्तावालाही हाच प्रश्न लागू पडतो. तेल आणि पेंड कोणाला विकली, त्याची बिले आणि जीएसटी विवरणपत्रे दाखवा, असे म्हणण्यात अवमान नाही. `gst.gov.in` वर करदात्याचा क्रमांक टाकून त्याचे कायदेशीर नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि विवरणपत्रे भरली जातात की नाही, हे पाहता येते. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो.

उदाहरणातील कुटुंबाने उधारीच्या मागणीला वेगळे उत्तर दिले, आणि ते योग्य होते. ठेव देण्यास नकार देऊन त्यांनी सोयाबीन मात्र विकण्याची तयारी दाखवली, पहिल्या दोन खेपा रोखीच्या बोलीवर. चांगली कंपनी अशा अटीला रागावत नाही. बहुतेक नवउद्योजकांना स्वतःलाही कच्च्या मालाचा भरवशाचा पुरवठादार हवा असतो, आणि तो मोंढ्यातच मिळतो.

संकेतस्थळावर क्रमांक सापडला नाही, किंवा नाव जुळले नाही, तर स्टार्टअप इंडियाच्या १८०० ११५ ५६५ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. पैसे आधीच दिले गेले असतील आणि परतावा थांबला असेल, तर वाट पाहण्यात दिवस घालवू नयेत. बँकेचे व्यवहार, पावत्या, मोबाइलवरील संदेश आणि प्रस्तावाचे मूळ कागद एकत्र करून पोलिसांकडे तक्रार द्यावी. ठेवीदारांचे हितसंबंध राखणारा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा, या दोहोंत आरोपीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना देण्याची तरतूद आहे. मालमत्ता विकली जाण्याआधी तक्रार पोहोचली, तरच त्या तरतुदीतून काही हाती लागते. ओळखीच्या घराचे नाव बाहेर येईल, या संकोचात गेलेले महिनेच बहुतेक वेळा सर्वांत महाग पडतात.